पावती उलटून बघितलीत का?

क्लासची पावती कुठे आहे तुमची? पाकिटात, फाइलमध्ये की ‘पप्पांकडे असेल बहुतेक’? असेल तिथून शोधा आणि उलटी करा. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात काही ओळी असतील. ॲडमिशन घेताना त्या कुणी वाचत नाही. मीही वाचल्या नव्हत्या. माझ्या रूममेटला त्या ओळींनी २८ हजार ९१० रुपये परत मिळवून दिले, तेव्हा कळलं की त्या वाचायच्या असतात.

तिचं नाव इथे देत नाही, क्लासचंही नाही. ती लातूर जिल्ह्यातली. बीए झाल्यावर स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आली आणि पेठेतल्या एका क्लासला दहा महिन्यांच्या बॅचमध्ये तिने प्रवेश घेतला. फी एकरकमी भरली, कारण एकरकमी भरली तर डिस्काउंट होता. तिच्या अण्णांनी त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. सव्वा महिन्यात घरी आईचं ऑपरेशन ठरलं आणि हिला गावी जावं लागलं. परत आल्यावर तिने ठरवलं, की आता लायब्ररी लावून स्वतःच अभ्यास करायचा. क्लास सोडायचा.

पुढे जे झालं ते तुमच्यापैकी कित्येकांना ओळखीचं वाटेल. काउंटरवर मॅडम गोड बोलल्या. “अगं, एवढ्यात कशाला सोडतेस? पुढच्या बॅचला बस ना. सरांशी बोलून घेते.” सर बाहेरगावी होते. मग अकाउंटवाले सुट्टीवर होते. मग म्हणाले, सोमवारी फोन कर. प्रत्येक फोनला तिला वाटायचं, काम चालू आहे. प्रत्यक्षात चालू होतं फक्त कॅलेंडर.

मागच्या बाजूला काय होतं?

एका रात्री आम्ही दोघी पावती घेऊन बसलो. पुढच्या बाजूला रकमा होत्या. नोंदणी शुल्क ५,००० रुपये, स्टडी मटेरियल ६,००० रुपये आणि ट्यूशन फी ४९,००० रुपये. बेरीज ६०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये. एकूण ७०,८०० रुपये. खाली एक ओळ होती: ‘बॅच स्टार्ट: १६ जून २०२५’.

मागच्या बाजूला सात अटी होत्या. आपल्या कामाच्या पाच. नोंदणी शुल्क परत मिळणार नाही. घेतलेल्या मटेरियलचे पैसे परत मिळणार नाहीत. बॅच सुरू झाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी अर्ज केला तर ट्यूशन फीच्या ७५ टक्के रक्कम परत. १६ ते ४५ दिवसांत अर्ज केला तर ५० टक्के. त्यानंतर काहीही नाही. आणि शेवटची ओळ, अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम बँक खात्यात जमा होईल.

हे वाचून ती वैतागली. “म्हणजे यांनीच लिहून दिलंय आणि काउंटरवर म्हणतात रिफंड नसतोच?” हो. अगदी तसंच. काउंटरवरच्या माणसाला अटी माहीत नसतात, किंवा तुम्हाला माहीत नाहीत हे त्याला माहीत असतं. दोन्ही वेळा उपाय एकच. त्यांनीच छापलेली ओळ त्यांनाच वाचून दाखवायची.

आता ‘लेखी अर्ज’ हे दोन शब्द परत वाचा. सगळा खेळ इथे आहे. आपल्याला वाटतं, ज्या दिवशी जाणं बंद केलं त्या दिवशी आपण क्लास सोडला. अटींच्या हिशेबात तसं नसतं. तुम्ही क्लास सोडता तो दिवस म्हणजे तुम्ही लिहून कळवता तो दिवस. माझ्या रूममेटने १२ जुलैला क्लासला जाणं बंद केलं आणि मेल पाठवला २४ जुलैला. मधले बारा दिवस तिच्या दृष्टीने गावी गेले, नाहीतर ‘सोमवारी फोन कर’मध्ये. अटींच्या दृष्टीने ते बारा दिवस ती क्लासची विद्यार्थिनीच होती.

दिवस मोजा, बोटं घालून मोजा

आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून खरंच बोटाने मोजलं. १६ जून हा पहिला दिवस धरला तर ३० जूनला १५ दिवस होतात. २४ जुलै हा ३९वा दिवस. ४५वा दिवस येतो ३० जुलैला. म्हणजे तिच्याकडे अजून सहा दिवस शिल्लक होते. आणखी एक आठवडा ‘सरांशी बोलून घेते’ चाललं असतं, तर हिशेबच संपला असता.

मेल गेला. २८ जुलैला उत्तर आलं. दोन ओळींचं. ‘आपला अर्ज ४६व्या दिवशी प्राप्त झाल्याने नियमानुसार रिफंड देय नाही. बॅच ट्रान्सफरची सुविधा उपलब्ध आहे.’

४६वा? आम्ही परत मोजलं. ३९च येत होते. मग तिच्या लक्षात आलं. ९ जूनला क्लासने एक ‘ओरिएंटेशन’ ठेवलं होतं. दोन तासांचं भाषण, टॉपर्सचे सत्कार, चहा-समोसा. क्लास ९ जूनपासून दिवस मोजत होता आणि तसं मोजलं की २४ जुलै बरोबर ४६वा येतो. एका दिवसाने बाहेर!

या ठिकाणी बहुतेक जण हात टेकतात. “त्यांचा नियम आहे, आपण काय करणार?” पण नियम काय आहे ते परत बघा. ‘बॅच सुरू झाल्यापासून’. आणि बॅच कधी सुरू झाली, ते त्यांनीच पावतीच्या पुढच्या बाजूला छापलंय. ओरिएंटेशनचा उल्लेख अटींमध्ये कुठेच नाही. करारातल्या एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने करार लिहिला त्याच्या विरोधात जाणारा अर्थ धरायचा, हे कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. साधी गोष्ट आहे. लिहिणारा तुम्ही, मग गोंधळाचा फायदा तुम्हाला का?

तिच्याकडे दुसराही पत्ता होता, आणि तो ती विसरली होती. १४ जुलैला तिने काउन्सेलर मॅडमना व्हॉट्सॲप केलं होतं: ‘मॅडम मला क्लास कॅन्सल करायचा आहे, रिफंडसाठी काय करावं लागेल?’ खाली मॅडमचं उत्तरही होतं: ‘ओके बेटा, ऑफिसला ये.’ हेही लेखीच की! क्लासचा ९ जूनचा हिशेब मान्य केला तरी १४ जुलै हा ३६वा दिवस. कसंही मोजा, ती ४५च्या आतच होती.

म्हणून एक सांगते. चॅट डिलीट करू नका. फोन बदलताना बॅकअप घ्या. आणि जे काही काउंटरवर तोंडी ठरेल, ते त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहून टाका: ‘आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...’ समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी तारीख राहते.

मागायचे किती?

‘माझे पैसे परत द्या’ असं लिहिलं की समोरून ‘बघतो’ येतं. नेमका आकडा लिहिला की समोरच्याला आकड्याला उत्तर द्यावं लागतं. तिचा हिशेब असा होता.

नोंदणी शुल्क आणि मटेरियल अटींप्रमाणे गेलं, ते सोडून दिलं. ट्यूशन फी ४९,०००, तिचे ५० टक्के म्हणजे २४,५०० रुपये. आता जीएसटी. त्या २४,५०० रुपयांवरही तिने १८ टक्के भरले होते, म्हणजे ४,४१० रुपये. एकूण मागणी २८,९१० रुपये.

जीएसटीवर क्लासचं ठरलेलं उत्तर असतं: “तो आम्ही सरकारला भरला, तो कसा परत देणार?” हे अर्धंच खरं आहे. फी परत केली तर क्लास ‘क्रेडिट नोट’ काढू शकतो आणि तेवढा कर आपल्या पुढच्या भरण्यातून कमी करू शकतो. त्यासाठी मुदत असते. ज्या आर्थिक वर्षात पैसे घेतले ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत क्लासला हे दाखवता येतं. म्हणजे २०२५-२६ मध्ये भरलेल्या फीसाठी ३० नोव्हेंबर २०२६. तेव्हा जीएसटी मागताना ‘क्रेडिट नोट काढून’ हे तीन शब्द लिहा. अकाउंटवाल्याला लगेच कळतं की समोरच्याने माहिती काढली आहे.

आणखी एक वजाबाकी नीट बघा. पुढे सप्टेंबरमध्ये क्लासने तिला फोन करून १८,५०० रुपये देऊ केले. कसे काढले? २४,५०० मधून मटेरियलचे ६,००० वजा. ऐकायला बरोबर वाटतं. पण मटेरियलचे ६,००० रुपये तिने ट्यूशन फीच्या बाहेर आधीच वेगळे भरले होते आणि ते तिने मागितलेच नव्हते. एकाच वस्तूचे पैसे दोनदा कापले जात होते. पावतीवर रकमा वेगवेगळ्या असतील, तर अशी दुहेरी कपात चटकन पकडता येते. एकच गोळाबेरीज रक्कम असेल तर नाही. म्हणून ॲडमिशनच्या दिवशीच सांगा, “ब्रेकअप टाकून पावती द्या.”

मेल कसा लिहायचा?

लांबलचक नको. रडगाणं नको. धमकी तर नकोच. तिने २९ जुलैला पाठवलेला दुसरा मेल थोडा बदलून देते. कंसातल्या जागी तुमची माहिती घाला.

‘विषय: प्रवेश रद्द व फी परतावा – पावती क्र. (…)

महोदय,

मी (तारीख) रोजी (कोर्सचे नाव) साठी (रक्कम) रुपये भरले. पावतीनुसार बॅच १६ जून २०२५ रोजी सुरू झाली. मी १४ जुलै रोजी व्हॉट्सॲपवर आणि २४ जुलै रोजी ईमेलने प्रवेश रद्द करत असल्याचे कळवले आहे. आपल्या पावतीच्या मागील अट क्र. ४ नुसार १६ ते ४५ दिवसांत अर्ज केल्यास ट्यूशन फीच्या ५० टक्के रक्कम देय आहे. त्याप्रमाणे २४,५०० रुपये आणि त्यावरील जीएसटी ४,४१० रुपये, एकूण २८,९१० रुपये, अट क्र. ७ नुसार ३० दिवसांत, म्हणजे २३ ऑगस्टपर्यंत, खालील खात्यात जमा करावेत. मला बॅच ट्रान्सफर नको आहे. पावतीच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि चॅटचा स्क्रीनशॉट जोडला आहे.’

बस, एवढंच. यात क्लास का सोडला, हे कुठेच नाही, लक्षात आलं? तिच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये आईच्या ऑपरेशनवर अख्खा परिच्छेद होता. तो आम्ही काढून टाकला. अट क्र. ४ कारण विचारतच नाही. तुम्ही कारण दिलं की समोरून सर्टिफिकेट मागितलं जातं, मग ते पुरेसं आहे का यावर चर्चा सुरू होते आणि दिवस सरतात. मात्र चूक क्लासची असेल तर ती जरूर लिहा, तारखांसह. सांगितलेले सर शिकवायला आलेच नाहीत, बॅचची वेळ बदलली, ऑफलाइन म्हणून पैसे घेतले आणि रेकॉर्डेड व्हिडिओ दाखवले, अशा वेळी ती सेवेतली त्रुटी ठरते आणि तुमची मागणी छापील टक्क्यांपुरती राहत नाही.

‘बॅच ट्रान्सफर नको आहे’ हे वाक्यही मुद्दाम घातलंय. ट्रान्सफर किंवा ‘क्रेडिट’ स्वीकारलं की रद्द करण्याचा अर्ज मागे घेतला असं म्हणायला जागा होते, आणि नवी बॅच सुरू होईपर्यंत जुन्या अटींचे दिवस संपलेले असतात.

पैसे नाहीच आले तर?

२३ ऑगस्ट उलटला. काहीच नाही. २५ तारखेला तिने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरला फोन लावला. हा फोन फुकट आहे. पावती, मेल आणि रक्कम सांगून तक्रार नोंदवली आणि डॉकेट नंबर मिळाला. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. ती कोर्ट नाही, त्यामुळे ती क्लासला पैसे द्यायला भाग पाडू शकत नाही. पण बाहेरून कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर बऱ्याच ठिकाणी फाइल हलते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं होतं, की या हेल्पलाइनच्या मार्फत कोचिंगच्या ६०० हून अधिक विद्यार्थ्यांना मिळून १ कोटी ५६ लाख रुपये परत मिळाले.

तक्रार गेल्यावर क्लासचा तो १८,५०० रुपयांचा फोन आला, ३ सप्टेंबरला. सोबत एक अटही होती, ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’च्या कागदावर सही करायची. इथे सावध राहा. अशी सही केली की नंतर उरलेली रक्कम मागणं अवघड होतं. तिने सही केली नाही. दुहेरी कपातीचा हिशेब मेलवर पाठवला. १२ सप्टेंबरला २४,५०० रुपये खात्यात आले. जीएसटीचे ४,४१० रुपये आणखी दोन मेल आणि एका क्रेडिट नोटनंतर, ८ ऑक्टोबरला.

एवढ्यावरही झालं नसतं, तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. काउंटरवर तिला एकाने ऐकवलं होतं, “तू स्टुडंट आहेस, कस्टमर नाही.” हे चुकीचं आहे. २० जानेवारी २०२० च्या निकालात राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने शैक्षणिक संस्थांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवलं, पण कोचिंग क्लासना शैक्षणिक संस्थांच्या रांगेत बसवलं नाही. म्हणून कॉलेजच्या फीचं भांडण आणि क्लासच्या फीचं भांडण यांचे रस्ते वेगळे आहेत. क्लासच्या बाबतीत तुम्ही ग्राहक आहात.

आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. आणि २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे: तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते. क्लास दिल्लीचा किंवा कोट्याचा असला आणि तुम्ही लातूरला राहत असलात, तरी लातूरला. मात्र वेळ लागतो. काही महिने, कधी त्याहून बरंच जास्त.

मग तिने पूर्ण पैसे का नाही मागितले?

हा प्रश्न मी तिला विचारला होता. कारण दुसरा एक हिशेबही होता. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलंय, की पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच कोर्स सोडला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात, १० दिवसांत परत करावी. क्लासचं हॉस्टेल आणि मेस असेल तर तेही धरून. तसं मोजलं तर दहा महिन्यांचे साधारण ३०० दिवस, त्यातले ३९ वापरले. ४९,००० मधले ६,३७० रुपये क्लासचे आणि ४२,६३० रुपये तिचे. मिळाले त्यापेक्षा १८ हजार जास्त.

पण ही तत्त्वं केंद्राने राज्यांना दिली आहेत. राज्याने त्यावर कायदा किंवा नियम केल्याशिवाय ती कायद्यासारखी थेट लागू होत नाहीत. पत्रात त्यांचा उल्लेख जरूर करता येतो, त्याने वजन येतं. ‘एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ ही सरसकट अट एकतर्फी आहे, असं ग्राहक आयोगांनी अनेक निकालांत म्हटलंय. त्यामुळे पावतीमागे फक्त तेवढंच लिहिलेलं असेल, तरी रस्ता बंद होत नाही. पण तो रस्ता आयोगातून जातो, आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या कारणाने क्लास सोडला असेल तर प्रत्येक वेळी निकाल त्याच्या बाजूनेच लागतो असं नाही.

तिचं उत्तर सरळ होतं. “अण्णांचा हप्ता चालू आहे. मला दोन वर्षांनी ४२ हजार नको, आत्ता २८ हजार हवेत. त्यांनी स्वतः लिहून दिलेलं ते नाकारू शकत नाहीत.” तुमची गरज वेगळी असेल तर तुमचं उत्तरही वेगळं असू शकतं. फक्त कोणता रस्ता घेताय ते आधी ठरवा. आणि छापील अटीप्रमाणे मिळणारे पैसे घेतानाही ‘फुल अँड फायनल’वर सही न करता, ‘अट क्र. ४ नुसार मिळाले’ एवढंच लिहून द्या.

ईएमआयवाल्यांसाठी वेगळी सूचना

तुमची फी ‘झीरो कॉस्ट ईएमआय’वर असेल, तर एक गोष्ट तपासा. बऱ्याचदा तो क्लासने दिलेला हप्ता नसतो. एखाद्या फायनान्स कंपनीने तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. कंपनीने सगळी रक्कम क्लासला आधीच दिलेली असते, आणि तुम्ही हप्ते फेडत असता ते कंपनीचे. क्लास सोडला म्हणून कर्ज थांबत नाही. बँकेत जाऊन हप्ता बंद केला तर क्लासचं काही बिघडत नाही. बाउन्सचा दंड आणि खराब सिबिल स्कोअर मात्र ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याच्या माथी येतो.

अशा वेळी दोन मेल लागतात. एक क्लासला, वरच्यासारखा, फक्त ‘रक्कम कर्ज खात्यात जमा करून कर्ज बंद करावे’ असं लिहून. दुसरा फायनान्स कंपनीला, की प्रवेश रद्द केला आहे, कर्ज खात्याचा उतारा आणि बंद करण्याची रक्कम कळवा. कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत हप्ते चालू ठेवणं जड जातं, मला कळतंय. पण तेच सुरक्षित आहे.

आता ती काय करते?

७०,८०० मधले २८,९१० परत आले. ४१,८९० गेले. त्यात सव्वा महिन्याची लेक्चर्स आहेत आणि पुस्तकांचा एक गठ्ठा आहे, जो आमच्या खोलीत माझ्या टेबलाची अर्धी जागा अडवून बसलाय. पैसे आले त्या दिवशी तिने अण्णांना फोन केला. त्यांनी विचारलं, “भांडावं लागलं का गं?” ती म्हणाली, “नाही अण्णा, मोजावं लागलं.”

परवा ती नव्या टेस्ट सिरीजची चौकशी करायला गेली होती. फी ४,००० रुपये. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म पुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली. तिने फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती. “कॅन्सलेशनच्या अटी कुठे आहेत?” तिने विचारलं. तो म्हणाला, “वेबसाइटवर आहेत, मॅडम.” तिने तिथेच उभं राहून वेबसाइट उघडली, ते पान शोधलं, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढला, स्वतःलाच मेल केला आणि मग पेन मागितलं. सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली.